एकच ग्राइंडर, चार भांडी: दळण नेमकं किती बारीक?

ऋता_म

माझ्याकडे हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. आत पोलादी बर आणि खाली क्लिक मोजत फिरवायची चकती. आतापर्यंत मोका पॉट, पोर-ओव्हर आणि फ्रेंच प्रेस यांच्यावर भागत होतं, आणि दळण मी अंदाजपंचे करायचे. आता एक छोटं एस्प्रेसो मशीन घरात आलंय, म्हणून म्हटलं एकदा नीट क्लिक मोजून करू. याच ग्राइंडरसाठी कुणीतरी केलेला तक्ता नेटवर सापडला. शून्यापासून एस्प्रेसोला ९ क्लिक, मोकाला १४, पोर-ओव्हरला २२ आणि प्रेसला ३०.

तक्त्याबरहुकूम केल्यावर काय झालं ते सांगते. प्रेस मस्त झाली, तक्रार नाही. पोर-ओव्हरचं पाणी उतरायला साडेचार मिनिटं लागली, तक्त्यात ३ लिहिलीत. चव बरी होती, पण शेवटी जीभ कोरडी पडते. मोकाने तर घाबरवलंच. वर कॉफी थेंब थेंब येत होती आणि बाजूच्या झडपेतून फिस्स करून वाफ. गॅस लगेच बंद केला. एस्प्रेसोत १८ ग्रॅम पूड घातली, दाबली, मशीन सुरू केलं, ते नुसतं घुंघुं करत राहिलं. अर्ध्या मिनिटाने चार काळे थेंब पडले, बस.

बास्केट साधंच आहे, दुहेरी तळाचं नाही. तक्ता चुकीचा की माझा ग्राइंडर बिघडलाय?

टिंगू

सोपं आहे. कडू लागलं की जाड करायचं, आंबट लागलं की बारीक करायचं. तक्ते-बिक्ते सोडून द्या. आणि मोका म्हणजे गॅसवरचा एस्प्रेसोच की, त्याला वेगळं दळण कशाला? एस्प्रेसोचं जमलं की तेच मोकात घाला, वरून जरा दाबा, दाट होतो.

बंडोपंत

१८ ग्रॅम म्हणजे चमचे किती? माझ्या मते प्रमाण चुकतंय. एका कपाला दोन चमचे बास होते. पूड कमी करा, आपोआप पाणी खाली उतरेल. मशीनचं टेम्परेचर किती ठेवता तेही लिहा, ९३ च्या आसपास हवं.

ऋता_म

बंडोपंत, मशीनच्या सेटिंगबद्दल नाही विचारत, ग्राइंडरच्या सेटिंगबद्दल विचारतेय. पूड काट्यावर मोजूनच घेते.

टिंगू, झडपेतून वाफ येत असताना वरून आणखी दाबायचं धाडस माझ्यात नाही.

जुनाखोड

मोका दाबू नका. टिंगू, तुम्हीही दाबू नका. कारण सावकाश सांगतो.

ऋता, आधी एक प्रश्न. शून्य कुठे धरलंत?

ऋता_म

चकती आवळत गेले, पार घट्ट झाली, हँडल जागचं हलेना, तिथे शून्य धरलं. दुसरं शून्य कुठे असणार?

जुनाखोड

असतं. ग्राइंडर रिकामा करून घ्या. चकती बरीच सैल करा, हँडल हळूहळू फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने एकेक क्लिक आवळत या. एका जागी बारीक ‘किर्र’ आवाज येतो. तिथे आतला आणि बाहेरचा बर पहिल्यांदा एकमेकांना घासतात. हँडल अजून फिरत असतं. त्यापुढे आणखी काही क्लिक आवळत गेलं की मग ते अडकतं. काही लोक किर्र आवाजाला शून्य म्हणतात, काही लोक अडकण्याला. दोन्ही बरोबर, पण एकाचा तक्ता दुसऱ्याला लागू होत नाही. तुमच्याकडे या दोन जागांत किती क्लिकचं अंतर आहे ते मोजून सांगा.

एवढ्यावरून शंका का आली, तर तुमच्या तक्रारींच्या क्रमावरून. चारही दळणं एकाच बाजूला चुकली आहेत, बारीक बाजूला, पण सारखी चुकलेली नाहीत. एस्प्रेसो ठार बंद, मोका गुदमरला, पोर-ओव्हर रेंगाळला आणि प्रेसला कळलंसुद्धा नाही. ग्राइंडरचा बर बोथट झाला असता तर असं ओळीने झालं नसतं. पूड विषम आली असती, गाळ वाढला असता आणि त्याचा त्रास प्रेसलाही झाला असता.

ऋता_म

मोजलं! किर्र आवाज येतो तिथून पुढे ४ क्लिकवर हँडल अडकतं.

जुनाखोड

मग उलगडलं. तक्ता करणाऱ्याने किर्रपासून मोजलं असणार, तुम्ही अडकण्यापासून. म्हणजे तुमचं ९ हे त्याच्या हिशेबात ५ झालं. तुमचं मोकाचं १४ हे त्याचं १०, म्हणजे मोकात तुम्ही जवळजवळ एस्प्रेसोचंच दळण घातलंत. पोर-ओव्हरचं २२ म्हणजे त्याचं १८, आणि प्रेसचं ३० म्हणजे २६.

चूक सगळीकडे ४ क्लिकचीच आहे. पण ३० मधून ४ गेले तर फारसं बिघडत नाही, ९ मधून ४ गेले तर निम्मी फट गेली. शिवाय पाणी जिथे पुडीच्या थरातून जबरदस्तीने जायचं असतं तिथे हिशेब आणखी कडक होतो. कण निम्म्या आकाराचे झाले की थरातून पाणी जाणं ढोबळ मानाने चौपट अवघड होतं. म्हणून एस्प्रेसोत एका क्लिकने दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होतात आणि प्रेसमध्ये तीन क्लिकने काय झालं ते ओळखताही येत नाही.

आता मोकाविषयी. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बारच्या दाबाने पाणी ढकलतं. मोकात खालच्या भांड्यातली वाफ आणि तापून फुगलेली हवा पाणी वर ढकलते, तो दाब एक-दोन बारच्या घरात असतो. आल्फोन्सो बियालेट्टीने १९३३ साली मोका बाजारात आणला तेव्हापासून त्याची रचना मुळात तीच आहे. दाब एवढाच असेल तर वाट त्या मानाने मोकळी हवी. एस्प्रेसोचं दळण भरून वर दाबलंत तर पाणी अडतं, खाली दाब वाढत राहतो आणि शेवटी झडप उघडते. झडप त्यासाठीच असते, पण ती रोज उघडावी म्हणून नव्हे. क्षारांनी चिकटलेली झडप वेळेवर उघडेलच असंही नाही.

म्हणून मोकाचं बास्केट काठोकाठ भरायचं, बोटाने सपाट करायचं आणि तसंच सोडायचं. पाणी झडपेच्या खाली. आणि पुन्हा कधी फिस्स झालंच तर गॅस बंद करून पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. वरचा भाग पिळून उघडायला तर अजिबात जायचं नाही.

टिंगू

बरं बाबा, दाबत नाही. पण आमच्याकडे एस्प्रेसोच्या दळणावर मोका चालतो हे खरंय. विकतची ‘एस्प्रेसो’ लिहिलेली पूड घालतो, छान येते.

जुनाखोड

विकतच्या पाकिटावर एस्प्रेसो लिहिलेली पूड बऱ्याचदा मोकाला चालेल इतकी जाड ठेवलेली असते, कारण घेणाऱ्यांत मोकावाले खूप असतात. तीच पूड साध्या बास्केटात घातली तर शॉट दहा सेकंदांत धो धो वाहतो. त्यामुळे तुमचा अनुभव बरोबर आहे, त्यावरून काढलेला नियम नाही.

सई

मला मात्र हे सगळं कळत नाहीये. माझं पण छोटंच मशीन आहे. मी कुठलीही पूड घालते, बारीक घाला जाड घाला, फेस येतोच आणि वेळ जवळपास तोच लागतो. मग एका क्लिकचा एवढा बाऊ कशाला?

जुनाखोड

सई, तुमचं बास्केट पालथं करून उजेडात धरा. आतून भरपूर भोकं दिसतील, पण बाहेरच्या बाजूला बारीकसं एकच भोक असेल तर ते दुहेरी तळाचं बास्केट. त्यात दाब पुडीमुळे तयार होत नाही, त्या एका भोकामुळे होतो. फेसही तिथूनच येतो. अशा बास्केटात जरा जाड दळण चालतं, तेच बरं. खूप बारीक घातलं तर ते भोकच तुंबतं. ऋताच्या बास्केटात पाण्याला अडवायला पुडीशिवाय कुणीच नाही.

सई

एकच भोक आहे! 😮

गाळीव

मी पोर-ओव्हरवाला, त्यामुळे माझ्या गल्लीतलं बोलतो. ऋता, ४ क्लिक वाढवून २६ वर दळा, सुधारेल. पण एक सांगा, एका वेळी किती पूड घेता? कोनाच्या आकाराचं भांडं आहे ना?

ऋता_म

हो, कोनच. दोघांची एकदम करते. ३० ग्रॅम पूड, ५०० ग्रॅम पाणी.

काल २६ वर करून बघितलं. साडेचारची पावणेचार मिनिटं झाली. कोरडेपणा कमी झाला पण गेला नाही.

गाळीव

मग राहिलेला दोष शून्याचा नाही, थराच्या उंचीचा आहे. तक्ते बहुतेक १५ ग्रॅम पूड आणि २५० ग्रॅम पाणी धरून केलेले असतात. कोनात दुप्पट पूड घातली की थर उंच होतो, पाण्याला जास्त पुडीतून वाट काढावी लागते आणि पाणीही दुप्पट आहे. तेव्हा ३० ग्रॅमला १५ ग्रॅमपेक्षा जाड दळण लागतं. २८-२९ वर जाऊन बघा. आणि ३० ग्रॅमला ३ मिनिटांचा हट्ट धरू नका, सव्वातीन ते साडेतीन चालतील.

घड्याळापेक्षा पाणी उतरल्यावर कागदात काय उरलंय ते बघत जा. चोथा सपाट, वरून जरा खरखरीत दिसला तर ठीक. वर चिखलाचा गुळगुळीत थर आणि त्यावर डबकं रेंगाळत असेल तर अगदी बारीक भुकटी कागदाच्या भोकांत जाऊन बसलीये. ती प्रत्येक दळणात थोडी असतेच, कितीही महाग ग्राइंडर आणा. पण उंचावरून धार सोडली, चमच्याने ढवळलं, भांडं गरागरा फिरवलं की ती सुटून कागदापर्यंत जाते. म्हणजे दळण तेच ठेवून नुसतं ओतणं शांत केलं तरी अर्धा मिनिट वाचू शकतो. सुरुवातीला पूड भिजवायला साठेक ग्रॅम पाणी आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबणं, मग किटलीचं तोंड पुडीच्या जवळ ठेवून सावकाश दोन-तीन वेळा ओतणं. क्लिकला हात लावण्याआधी हे करून बघा, नाहीतर ओतण्यातला दोष दळणात शोधत बसाल.

वसुधा

मी जरा वेगळंच विचारते, चालेल ना? माझ्याकडे बर-बिर काही नाही. पात्याचा ग्राइंडर आहे, बटण दाबलं की घर्रर्र. त्याला क्लिक नसतात, मग मी काय मोजू? फ्रेंच प्रेसच करते फक्त. तळाशी चिखल येतो आणि कधी पाणचट तर कधी कडू, एकाच कपात दोन्ही पण.

जुनाखोड

चालेल की. पातं कापत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच घाण्यात अर्ध्या बिया आणि पीठ दोन्ही निघतं. पिठातून कडूपणा लगेच उतरतो आणि अर्ध्या बीच्या पोटात पाणी पोचतच नाही, ते एकाच कपात दोन्ही लागतं म्हणता ते यामुळेच.

बटण सलग दाबू नका. एक-दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, डबा हलवायचा, परत दाबायचं. हलवल्याने तळाचं पीठ आणि वरच्या बिया जागा बदलतात. मग पूड चहाच्या बारीक गाळणीतून चाळा. खाली पडेल ते पीठ बाजूला ठेवा. त्याने गाळ आणि कडूपणा दोन्ही चांगले कमी होतील. पूड थोडी वाया जाते, त्याला इलाज नाही.

तुम्ही प्रेस करता हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. प्रेसमध्ये पूड पाण्यात नुसती डुंबत असते, पाण्याला थरातून वाट काढायची नसते. त्यामुळे तुंबण्याचा प्रश्नच येत नाही आणि विषम दळण बऱ्यापैकी खपून जातं. पात्याच्या पुडीवर एस्प्रेसो मात्र जमायचा नाही.

गाळीव

प्रेसचा विषय निघालाच आहे तर वाद घालून घेतो. ‘प्रेसला जाडच हवं’ हे मला पटत नाही. ऋताचंच बघा, तिला ३० वर प्रेस मस्त लागली. पण ते तक्त्याच्या हिशेबात २६ होतं, म्हणजे जाड पोर-ओव्हरचं दळण. ४ मिनिटांत जाड कणांच्या आतलं सगळं निघत नाही, म्हणून प्रेस बऱ्याच जणांना पाणचट लागते आणि मग ते पूड वाढवत बसतात.

मी मध्यमच दळतो. ३० ग्रॅमला ५०० पाणी. ४ मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडतो, तरंगणारा फेस काढून टाकतो आणि आणखी पाच-सहा मिनिटं हात न लावता ठेवतो. गाळ आपोआप खाली बसतो. जाळी पाण्याच्या वरच्या थरापर्यंतच नेतो, खाली दाबतच नाही. कप स्वच्छ येतो.

जुनाखोड

दहा मिनिटं थांबणार असाल तर मध्यम चालेल. ४ मिनिटांत जाळी दाबून लगेच ओतणार असाल तर मध्यम दळणाने जाळी जड जाते आणि गाळ कपात येतो. माझी पसंती जाडच, आणि ४ ऐवजी ६ मिनिटं. जाळी दाबताना जोर लावावा लागला तर थांबून थोडी वर घ्यायची आणि परत सावकाश खाली. काचेच्या भांड्यात जोर लावू नये, गरम पाणी अंगावर येतं.

गाळीव

जाड दळलं तरी गाळ येतोच ना पण. जाळीतून जाते ती बारीक भुकटी, आणि ती जाड दळणातही असते.

जुनाखोड

कमी असते.

गाळीव

कमी असते हे मान्य. चवही कमी असते. 😀

ऋता_म

तुमच्या दोघांच्या वादात मी ३४ वर प्रेस करून बघितली, ६ मिनिटं ठेवून. मला फिकी वाटली. परत ३० वर आले. नवऱ्याला ३४ ची आवडली, त्यामुळे घरातही निकाल नाही.

मोका १८ वर एकदम सुतासारखा सरळ. खाली आधीच उकळतं पाणी घातलं, आच मंद, वर मधाळ धार आली आणि फुरफुर सुरू व्हायच्या आत उतरवला. झडप गप्प.

एस्प्रेसोचं मात्र डोकं खातंय. १३ वर दळलं, १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २१ सेकंदांत आली. आंबट आणि पातळ. १२ वर घेतलं तर तेवढ्याच कॉफीला ३८ सेकंद. कडू. मला हवंय ते १२ आणि १३ च्या मध्ये आहे आणि तिथे क्लिकच नाही!

टिंगू

बघा, आंबट म्हणजे जाड, कडू म्हणजे बारीक. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

जुनाखोड

इथे लागू पडतंय, मान्य. पण एस्प्रेसोत ते उलटूही शकतं, म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबू नका. फारच बारीक दळलं की पाणी सगळ्या पुडीतून सारखं जात नाही. कुठेतरी कमकुवत जागा शोधतं आणि तिथूनच पळतं. त्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा जास्त धुतली जाते, बाकीची जेमतेम भिजते. कप कडू आणि आंबट दोन्ही लागतो. ते बघून एखादा ‘आंबट आहे’ म्हणत आणखी बारीक करतो आणि आणखी बिघडवतो. ‘मॅटर’ या नियतकालिकात २०२० साली एस्प्रेसोवर एक अभ्यास आला होता, त्यातही हेच दिसलं की एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यावर पुडीतून निघणारा अर्क वाढण्याऐवजी कमी होतो. डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे धार एकीकडेच वळते, मध्येच फिकट पट्टे येतात, बाजूला बारीक पिचकारी उडते. असं दिसलं तर चव आंबट असली तरी एक क्लिक जाड करायचं.

ऋता, तुमची धार कशी होती?

ऋता_म

दोन्ही वेळा मधोमध, सरळ. पिचकारी नाही.

जुनाखोड

मग दळण ठीक आहे, फक्त तुमच्या ग्राइंडरची पायरी एस्प्रेसोसाठी उंच आहे. मधली पायरी पुडीच्या वजनाने करायची. १३ वरच राहा आणि १८ ऐवजी १९ ग्रॅम घाला. थर जाड झाला की पाणी सावकाश जातं. कॉफी ३६-३८ ग्रॅमवर थांबवा. २५ ते ३० सेकंदांत यायला हवी.

पण बास्केटात जागा आहे का ते आधी बघा. दाबून झाल्यावर पोर्टाफिल्टर मशीनला लावा, शॉट न काढता परत उतरवा. पुडीवर वरच्या जाळीचा किंवा स्क्रूचा ठसा उमटला असेल तर पूड जास्त झाली. तसं असेल तर उलट करा, १२ वर १७ ग्रॅम. एका वेळी दोनपैकी एकच गोष्ट बदला. दळण आणि वजन दोन्ही हलवलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

सई

यापेक्षा एस्प्रेसोसाठी वेगळा ग्राइंडर घ्यावा ना? आमच्या ओळखीतले एक जण म्हणतात, एकाच ग्राइंडरवर चारही करणं म्हणजे रोजची कटकट.

गाळीव

रोज एस्प्रेसो आणि रोज पोर-ओव्हर असेल तर मी वेगळा घेईन. १३ वरून २९ वर आणि परत १३ वर, मोजण्यात घोळ होतोच. शिवाय आत थोडी पूड अडकून राहते. एस्प्रेसोची बारीक पूड पोर-ओव्हरमध्ये गेली की कागद तुंबलाच.

जुनाखोड

हाताच्या ग्राइंडरमध्ये फार अडकत नाही. सेटिंग बदललं की चार-पाच बिया दळून ती पूड टाकून द्यायची, झालं. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवलं तर पूड आतल्या बाजूला चिकटतही नाही. बारीककडे जाताना मात्र आत बिया नसताना चकती फिरवा, नाहीतर दाणा मध्ये अडकून हँडल जाम होतं आणि लोक जोर लावून ते मोडतात.

मी वर्षानुवर्षं एकावरच करतोय. ज्याला कटकट वाटते त्याने दुसरा घ्यावा, ज्याला नाही त्याने कागदावर चार आकडे लिहून डब्याला चिकटवावेत. आकड्यांबरोबर शून्य कुठून धरलं तेही लिहा. बर साफ करायला उघडून परत बसवले की शून्य सरकू शकतं, तेव्हा पुन्हा किर्र ऐकून घ्यायचं.

बंडोपंत

म्हणजे मुद्दा ग्राइंडरचा होता तर. मला वाटलं मशीनचा. पण पूड कमी-जास्त करा हे मी आधीच म्हटलं होतं, आता सगळे तिथेच आले.

ऋता_म

बंडोपंत, तुम्ही कमी करायला सांगितली होती, मी वाढवली. 😀

१३ क्लिक, १९ ग्रॅम, ३७ ग्रॅम कॉफी, २७ सेकंद. ठसा उमटत नाही. गोडसर लागली, शेवटी किंचित कडसर, आवडली. पोर-ओव्हर २९ वर, शांत ओतून, साडेतीन मिनिटं. कोरडेपणा गेला.

आता पुढचा प्रश्न. याच बिया संपत आल्यात. नवीन आणल्यात त्या बऱ्याच काळपट भाजलेल्या आहेत, पृष्ठभागावर तेल दिसतंय. चारही आकडे परत शोधायचे का?

जुनाखोड

सगळे नाहीत. काळपट बी ठिसूळ असते आणि तिच्यातून अर्क लवकर उतरतो. पोर-ओव्हर आणि प्रेस दोन-एक क्लिक जाड करून सुरुवात करा, पाणीही थोडं निववून घ्या. मोका तसाच ठेवून चाखा, कडू लागला तर एक क्लिक. एस्प्रेसो मात्र पहिल्यापासून लावावा लागेल, तो दर पाकिटाला लावावाच लागतो. आणि पाकीट उघडून दिवस जातील तसा त्याच क्लिकवर शॉट भराभर यायला लागेल, कारण बियांतला वायू उडून जातो आणि पूड पाण्याला पूर्वीइतकी अडवत नाही. तेव्हा ग्राइंडर बिघडला असं समजू नका, अर्धा ग्रॅम पूड वाढवा.

गाळीव

किंवा एक क्लिक बारीक.

जुनाखोड

तिच्या ग्राइंडरवर एक क्लिक म्हणजे सतरा सेकंद, वाचलं ना वर?

वसुधा

चाळून बघितलं! खाली एवढं पीठ निघालं की धक्काच बसला. प्रेस खूपच स्वच्छ आली, पण आता जरा पाणचट वाटतेय. वेळ वाढवू की पूड?

गाळीव

चाळल्याने पूड कमी झाली असेल. चाळून झाल्यावर वजन करा, आधी नको. मग वेळ.

जुनाखोड

याच्याशी सहमत.